रेषा वाढवून, शब्द मोजून

सरकारी कचेरीतला निरोप समारंभ बहुधा महिन्याच्या शेवटच्या दिवशी होतो, कारण निवृत्तीही महिनाअखेरीलाच येते. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, चार-पाच जणांची भाषणं आणि सगळ्यांत शेवटी सत्कारमूर्तींचं मनोगत. या मनोगतात निवृत्त होणारा माणूस सहसा सगळ्यांचे एकत्रच आभार मानतो. नावं घ्यायला गेलं आणि एखादं राहिलं तर काय, ही धास्ती असते. एका तहसील कार्यालयातून वयाच्या 58व्या वर्षी निवृत्त झालेल्या अव्वल कारकून बाईंनी ही धास्ती वेगळ्या रीतीनं मिटवली. त्यांनी कार्यालयातल्या 14 जणांची अर्कचित्रं काढली आणि मनोगतात एकेका चित्राची ओळख करून दिली. शाळेत असताना दिलेली इंटरमीजिएट ड्रॉइंगची परीक्षा, एवढंच त्यांचं चित्रकलेचं शिक्षण. मी अर्कचित्रं शिकवतो म्हणून त्यांची कच्ची चित्रं घेऊन त्या माझ्याकडे आल्या आणि हा सगळा प्रकार मला जवळून बघायला मिळाला.

आपल्याकडे सहकाऱ्यांची प्रेमळ थट्टा करण्याची चांगली परंपरा आहे. जयवंत दळवींनी ‘ललित’ मासिकात ठणठणपाळ या नावानं लेखकांची खिल्ली उडवली आणि वसंत सरवट्यांनी त्या ठणठणपाळाला चित्ररूप दिलं. सरवट्यांनी काढलेली साहित्यिकांची अर्कचित्रंही वाचकांच्या लक्षात आहेत. पण ते लेखक प्रसिद्ध होते, त्यांचे चेहरे लोकांना माहीत होते. कचेरीतल्या अर्कचित्राचं गणित वेगळं. ज्याचं चित्र काढायचं तो पहिल्या रांगेत बसलेला असतो, शेजारी त्याचे वरिष्ठ असतात, कधी बायको आणि मुलंही आलेली असतात. त्याला उद्याही याच लोकांत काम करायचं असतं. चित्र काढणारी व्यक्ती मात्र त्या दिवसानंतर तिथं नसते. एखाद्याला चित्र लागलं तर ते भरून काढायला दुसरा दिवस मिळत नाही.

अर्कचित्र म्हणजे चेहऱ्यातली मोठी गोष्ट आणखी मोठी करणं, अशी बहुतेकांची समजूत असते. नाक मोठं असेल तर ते भोपळ्याएवढं काढायचं. पण चेहरा ओळखू येतो तो एका अवयवामुळे नव्हे, तर सगळ्या अवयवांच्या आपसांतल्या अंतरांमुळे. चित्रकलेच्या वर्गात सरासरी चेहऱ्याचं एक ढोबळ माप शिकवतात. डोळे डोक्याच्या उंचीच्या बरोबर मध्यावर येतात, दोन डोळ्यांमध्ये एका डोळ्याएवढी जागा असते आणि केसांच्या सुरुवातीपासून भुवयांपर्यंत, भुवयांपासून नाकाच्या तळापर्यंत आणि तिथून हनुवटीपर्यंत असे तीन साधारण सारखे भाग पडतात. प्रत्यक्षात कुणाचाच चेहरा या मापात तंतोतंत बसत नाही. कुणाचा मधला भाग लांब, कुणाची हनुवटी आखूड, कुणाचे डोळे नाकाला चिकटलेले. माणूस या मापापासून जिथं जितका सरकतो, तिथं त्याला त्याच दिशेनं आणखी थोडं सरकवायचं, हे अर्कचित्राचं खरं काम आहे.

यातला ‘थोडं’ हा शब्द महत्त्वाचा. 1980च्या दशकात सुसान ब्रेनन यांनी नेमकं हेच करणारा संगणक प्रोग्रॅम तयार केला. सरासरी चेहरा आणि प्रत्यक्ष चेहरा यांच्यातला फरक तो हव्या तितक्या टक्क्यांनी वाढवायचा किंवा कमी करायचा. या प्रोग्रॅमनं काढलेली रेखाचित्रं वापरून ब्रेनन, गिलियन ऱ्होड्स आणि सुसान केरी यांनी 1987 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. चित्रांतले चेहरे बघणाऱ्यांच्या ओळखीच्या माणसांचेच होते. हुबेहूब रेखाचित्रापेक्षा फरक वाढवलेलं रेखाचित्र लोकांनी लवकर ओळखलं. आणि ‘यातलं सगळ्यांत त्या माणसासारखं कोणतं’ असं विचारल्यावर जी उत्तरं आली, त्यांची सरासरी फक्त 16 टक्के वाढवलेल्या चित्रावर पडली. हा आकडा मी शिकणाऱ्यांना नेहमी सांगतो. रोज समोर बसणाऱ्या माणसाला ओळखायला अगदी थोडी वाढ पुरते. त्याच्या पलीकडे जी वाढ केली जाते ती हसवण्यासाठी असते, आणि म्हणूनच ती कुठं करायची याची निवड जपून करावी लागते.

बाईंची पहिली अडचण मात्र चेहऱ्यांची नव्हती, फोटोंची होती. कचेरीतले फोटो ठरावीक प्रसंगांचे असतात. 15 ऑगस्टचं झेंडावंदन, 1 ऑगस्टचा महसूल दिन, खंडेनवमीची पूजा, कुणाच्या तरी बदलीचा निरोप. सगळे एका ओळीत उभे, सगळ्यांचे चेहरे कॅमेऱ्याकडे, सगळ्यांचं हसू एकसारखं. अशा फोटोतला माणूस खरं तर स्वतःसारखा दिसतच नाही. शिवाय मोबाइलचा कॅमेरा स्वतःच चेहरा बिघडवतो. मोबाइलची भिंग रुंद कोनाची असते, त्यामुळे ग्रुप फोटोत कडेला उभ्या असलेल्यांची डोकी आणि खांदे आडवे ताणले जातात. मध्ये उभा असलेला माणूस सडपातळ आणि टोकाचा गुबगुबीत दिसतो तो याच कारणानं. सेल्फीत उलटा प्रकार होतो. हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक कॅमेऱ्याच्या सगळ्यांत जवळ असतं, म्हणून ते फुगतं, आणि कान मागे जाऊन लहान होतात. दीड-दोन मीटरवरून तोच चेहरा टिपला की नाक जागेवर येतं.

अर्कचित्र काढणाऱ्याला ही मोठी फसगत आहे. कॅमेऱ्यानं वाढवलेलं नाक त्या माणसाचंच समजून आपण ते आणखी वाढवतो. चित्र विनोदी दिसतं, पण कुणाचं आहे ते कळत नाही. आणि ज्याचं आहे त्याला आपलं नाक खरंच असं आहे का, असा प्रश्न पडतो. पुरवठा शाखेत नुकत्याच लागलेल्या एका तरुण कारकून मुलीच्या चित्रात हेच झालं होतं. बाईंकडे तिचे सगळे फोटो सेल्फीच होते, तेही गाल गुळगुळीत करणारे. ते आम्ही बाजूला ठेवले. मी बाईंना सांगितलं की प्रत्येकाचे निदान तीन फोटो गोळा करा. एक समोरून, एक तीनचतुर्थांश बाजूनं, आणि एक असा की ज्यात त्या माणसाला आपला फोटो निघतोय याचं भान नाही. हा तिसरा फोटो बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाच्या फोटोच्या मागच्या बाजूला सापडतो. वाढदिवसाचा केक कापणारा पुढे असतो आणि मागे आपला माणूस नेहमीसारखा उभा असतो, एक खांदा खाली टाकून.

फोटो शोधताना बाईंना आणखी एक गोष्ट दिसली. दोन माणसं जवळजवळ कुठल्याच फोटोत नव्हती. एक कार्यालयाच्या जीपचा चालक. कार्यक्रमाच्या वेळी तो गाडीपाशी असायचा. दुसरा कंत्राटी डेटा एंट्री ऑपरेटर. सगळे फोटो त्याच्याच मोबाइलवर निघत होते, म्हणून तो एकातही नव्हता. बाईंनी या दोघांना सरळ सांगितलं की मला चित्रासाठी तुमचा फोटो हवा आहे. बाकीच्यांना समारंभापर्यंत काही कळू द्यायचं नव्हतं, पण फोटो चोरून काढण्यापेक्षा मागून घेणं त्यांना बरं वाटलं. निरोपाच्या अर्कचित्रांत हा नियम मी सगळ्यांत वर ठेवेन: काढायची तर सगळ्यांची काढा. एक माणूस वगळला की बाकी 13 चित्रांचा गोडवा त्याच्यापुरता कडू होतो.

आता प्रत्यक्ष तीन चित्रं बघू.

नायब तहसीलदारांना कार्यालयात सगळे रावसाहेब म्हणतात. त्यांचं कपाळ मोठं, केस मागे गेलेले. बाईंच्या पहिल्या रेखाटनात तेच वाढवलं होतं, कारण ते सगळ्यांत आधी डोळ्यांत भरतं. ओळख पटत होती, चित्र चुकीचं नव्हतं. पण केस जाणं हे माणसाच्या हातात नसतं आणि त्यावर त्यानं आयुष्यात भरपूर विनोद ऐकलेले असतात. मी बाईंना विचारलं, रावसाहेब काम करत असताना तुम्हाला कसे आठवतात? त्या लगेच म्हणाल्या, चष्मा कपाळावर. रावसाहेबांना लांबचं दिसत नाही, जवळचं स्वच्छ दिसतं. म्हणून फाइल वाचायची झाली की ते चष्मा वर ढकलतात आणि कागद नाकाजवळ धरतात. मान वर केली की समोरचा माणूस ओळखू येत नाही, मग चष्म्यासाठी टेबल चाचपडतात. नव्या चित्रात कपाळ आहे तेवढंच राहिलं. चष्मा दीडपट मोठा झाला, कपाळावर दोन खिडक्यांसारखा बसला. खाली बारीक केलेले डोळे आणि नाकाला टेकलेली फाइल. चित्र पहिल्यापेक्षा जास्त विनोदी झालं आणि जास्त रावसाहेबांसारखंही.

शिपाईमामांचं चित्र सगळ्यांत अवघड गेलं. त्यांचे पुढचे दात पुढे आलेले आहेत. कोणताही नवखा चित्रकार तिथंच हात घालेल. शिवाय प्रत्येक फोटोत त्यांच्या हातात चहाचा ट्रे. म्हणजे फोटोंवरून काढलं तर दात आणि ट्रे, एवढाच माणूस उरतो. बाईंनी दोन्ही टाकून दिलं. मामांची मिशी भरघोस आहे, ती ते रोज सकाळी नीट विंचरून येतात, म्हणजे ती दिसावी अशी त्यांचीच इच्छा आहे. ती हवी तेवढी वाढवायला हरकत नव्हती. तिनं तोंड आपोआप झाकलं. ट्रेच्या जागी अभिलेख कक्षाच्या किल्ल्यांचा जुडगा आला. लाल कापडात बांधलेल्या जुन्या दप्तराचा कोणता रुमाल कोणत्या मांडणीवर आहे, हे त्या कार्यालयात मामांइतकं कुणालाच ठाऊक नाही. चित्रात ते रुमालांच्या डोंगरावर उभे आहेत, एक डोळा बारीक करून, आणि बोट नेमकं एका गाठोड्याकडे.

इथं माझं मत मी स्पष्टच सांगतो. माणूस जे स्वतः निवडतो ते वाढवावं; मिशी, केसांची ठेवण, चष्म्याची चौकट, साडीला लावलेल्या पिना, हातवारे, बसण्याची ढब. जे त्याच्या वाट्याला आलेलं आहे ते आहे तसं ठेवावं. रंग, दात, वजन, व्रण, आजाराची किंवा वयाची खूण. अंगकाठीला हात लावल्याशिवाय विनोद होत नाही, असं वाटणाऱ्यांसाठी अर्कचित्राची एक जुनी सोय आहे. डोकं मोठं आणि धड लहान काढायचं. सगळ्यांचीच धडं सारखी छोटी, डोकं पूर्ण उंचीच्या निम्मं किंवा एकतृतीयांश. मग जाड आणि बारीक हा प्रश्नच उरत नाही, आणि साहेब आणि शिपाई यांची उंचीही एक होते. वाढ करण्याचं प्रमाणही सगळ्यांना सारखं हवं. वरिष्ठांना जेमतेम वाढवायचं आणि शिपायाचा पार विदूषक करायचा, असं झालं की सभागृहाला ते लगेच कळतं.

तिसरं चित्र त्या पुरवठा शाखेतल्या मुलीचं. तरुण, रेखीव चेहरे काढायला सगळ्यांत कठीण असतात, कारण ते सरासरीच्या अगदी जवळ असतात आणि वाढवायला फारसा फरकच सापडत नाही. अशा वेळी चेहऱ्याशी झटापट करू नये, शरीराकडे वळावं. ती फोन खांदा आणि कान यांच्यात धरते आणि दोन्ही हातांनी रजिस्टर लिहीत राहते. मान पार आडवी, एक वेणी टेबलावर, पेन चालू. बाईंनी मानेचा तो कोन वाढवला, जवळजवळ काटकोन केला, आणि चेहरा अगदी मोजक्या रेषांत साधाच ठेवला. पाठमोरी काढली असती तरी ती ओळखू आली असती.

चित्र बसलं की नाही, हे तपासायची एक पद्धत बाईंनी फार चांगली वापरली. पूर्वी त्याच कार्यालयात काम करून निवृत्त झालेल्या एका मैत्रिणीला त्यांनी काहीही न सांगता एकेक चित्र दाखवलं. दोन-तीन सेकंदांत नाव आलं तर चित्र पास. मैत्रीण चित्राचे भाग वाचायला लागली, ‘हे नाक कुणाचं बरं’ म्हणाली, तर नापास. आणि एक तिसरीही खूण होती. एका चित्रावर मैत्रिणीनं हसण्याआधी इकडेतिकडे बघितलं. आवक-जावक बघणाऱ्या भाऊसाहेबांचं ते चित्र होतं, टेबलावर डोकं ठेवून डुलकी घेणारं. डुलकीचा विनोद कार्यालयात रोज होत असेल, पण मोठ्या साहेबांसमोर आणि भाऊसाहेबांच्या मुलासमोर तोच विनोद तक्रार होऊन बसतो. ते चित्र बदललं. नव्या चित्रात भाऊसाहेब कानामागे दोन, खिशात चार आणि हातात एक अशी पेनं बाळगून आहेत, आणि तरी पेन शोधताहेत.

आता भाषण. चित्रं तयार झाल्यावर बाईंनी भाषण लिहून आणलं, आणि त्यात बहुतेक जण करतात तेच त्यांनी केलं होतं. चित्रात जे दिसतं तेच पुन्हा शब्दांत सांगितलं होतं. ‘आमच्या रावसाहेबांचा चष्मा नेहमी कपाळावर आणि शोध मात्र टेबलावर’ अशा धर्तीची वाक्यं. वाचायला ती बरी वाटतात, पण पडद्यावर चित्र आलं की तो विनोद झालेला असतो. वक्ता तोच विनोद दुसऱ्यांदा सांगतो आणि हशा विरतो. दुसरं म्हणजे चित्र आधीच अतिशयोक्ती करत असतं. त्यावर शब्दांनीही अतिशयोक्ती केली की माणूस त्या दोन्हींच्या खाली हरवतो. म्हणून वाटणी अशी केली: फुगवायचं ते फक्त रेषेनं, आणि शब्दांनी सांगायची त्या माणसाची एकच घडलेली गोष्ट, अजिबात न फुगवता. रावसाहेबांच्या चित्राबरोबरचा मजकूर शेवटी असा झाला:

‘पुराच्या आठवड्यात छावणीतल्या कुटुंबांची यादी रात्री दोन वाजता आली. लाइट नव्हती. एकानं टॉर्च धरली आणि यांनी सगळी यादी वाचली, प्रत्येक नाव मोठ्यानं. तीन कुटुंबं राहिल्याचं यांच्याच लक्षात आलं. सकाळी त्या तिघांचंही धान्य पोचलं. एवढ्या अंधारात यांना दिसलं कसं, ते आता तुम्हीच बघा.’

आणि मग चित्र. कपाळावर चष्मा, नाकाला कागद. सभागृह हसलं ते रावसाहेबांच्या विसरभोळेपणाला नव्हे. ती सवय त्या रात्री कामाला आली होती, म्हणून हसलं. शब्द आधी आणि चित्र नंतर, हा क्रम यासाठीच. गोष्ट ऐकताना लोक मनात नाव शोधत असतात, काहींना सापडतंही, आणि चित्र त्यांच्या उत्तरावर शिक्का मारतं. बाईंनी एकाही माणसाचं नाव स्वतः घेतलं नाही. ते प्रत्येक वेळी सभागृहातून आलं, आणि ज्याचं होतं त्याला आपलं नाव चाळीस माणसांच्या तोंडून ऐकायला मिळालं.

मामांसाठी त्यांनी आणखी कमी शब्द वापरले. ‘एका म्हातारबाबांना 1962 सालचा फेरफार हवा होता. आम्ही सगळे म्हणालो, पुढच्या आठवड्यात या. हे म्हणाले, बाबा, चहा घेईपर्यंत थांबा.’ वाक्य संपलं आणि चित्र आलं. यात एकही विशेषण नाही. ‘कर्तव्यदक्ष’, ‘मनमिळाऊ’, ‘हसतमुख’ हे शब्द निरोपाच्या भाषणांत इतके वापरून झाले आहेत की ते कुणालाही लागू पडतात, म्हणून कुणाचेच होत नाहीत. घडलेली गोष्ट एकाच माणसाची असते.

पहिलं चित्र बाईंनी स्वतःचं ठेवलं होतं. बदलीच्या फायलींच्या भिंतीमागून डोकावणारा अंबाडा, अंबाड्यात खोचलेली तीन पेनं, आणि समोर ‘टिपणी पुन्हा सादर करावी’ असं लिहिणारा एकच हात. ते बाकीच्यांच्या चित्रांपेक्षा जास्त वाढवलेलं होतं. यानं सभागृहाला मोजमाप मिळतं. सगळ्यांत जोराचा विनोद बोलणाऱ्यावरच होऊन गेला आहे, आता आपल्या वाट्याला याहून कमीच येणार, हे पहिल्या मिनिटात कळतं आणि माणसं खुर्चीत सैल होऊन बसतात. मोठ्या साहेबांचं चित्र शेवटी न ठेवता मध्येच घेतलं. शेवटचं चित्र जीपचालकाचं होतं.

एका चित्राला साधारण अर्धा मिनिट, म्हणजे 14 जणांचे सात मिनिटं आणि पुढे-मागे आभाराचे चार शब्द. यापेक्षा लांबवू नये. लोक अधिक जास्त असतील तर प्रत्येकाचे शब्द कमी करावेत, माणसं कमी करू नयेत.

काही तांत्रिक गोष्टी सांगून टाकतो, कारण समारंभ बिघडतो तो त्यांनीच. हातात धरलेला ए-फोर कागद तिसऱ्या रांगेच्या पलीकडे दिसत नाही, म्हणून चित्रांचे फोटो काढून टीव्हीवर किंवा प्रोजेक्टरवर दाखवावेत. पेन्सिलीच्या करड्या रेषा प्रोजेक्टरवर नाहीशा होतात. कच्चं काम पेन्सिलीत करून वरून काळ्या, पाण्यानं न फुटणाऱ्या शाईनं जाड रेषा ओढाव्यात आणि शाई पूर्ण वाळल्यावरच खोडरबर फिरवावा. फोटो काचेखाली ठेवून गिरवू नये. गिरवलेल्या चित्रात कॅमेऱ्याची सगळी फसगत जशीच्या तशी उतरते आणि रेषाही भीत भीत चालल्यासारखी दिसते. फोटो बघावा, मग उलटा ठेवावा आणि आठवणीतून काढावं. आठवणीत जे उरतं तेच बहुधा वाढवण्यासारखं असतं.

समारंभानंतर मूळ चित्रं ज्याची त्याला देऊन टाकावीत, साध्या कागदी पाकिटात घालून. कार्यालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती आपण टाकू नयेत. चित्र सभागृहात सुरक्षित असतं, कारण त्याच्याबरोबर ती गोष्ट ऐकलेली असते. ग्रुपवर गोष्ट गळून पडते आणि नुसती मिशी उरते. ज्याला आवडलं तो स्वतःच टाकतो. बाईंच्या चित्रांपैकी पहिलं चित्र ग्रुपवर आलं ते रावसाहेबांचं, त्यांनी स्वतः टाकलेलं. मामांनी त्यांचं टाकलं नाही. त्यांनी ते लॅमिनेट करून अभिलेख कक्षाच्या दाराला आतल्या बाजूनं लावलं आहे.